सेट कुठे थांबवावा? शिल्लक आवर्तनांचा हिशेब

वजनाच्या व्यायामात एक सेट संपवून रॉड स्टँडवर ठेवला, की त्या क्षणी तेच वजन योग्य पद्धतीने आणखी जितक्या वेळा उचलता आले असते, ती संख्या म्हणजे त्या सेटची शिल्लक. एखाद्याने दहा वेळा वजन उचलून सेट थांबवला, आणि बारावे आवर्तनही त्याला जमले असते पण तेरावे नसते, तर त्याच्याकडे दोन आवर्तने शिल्लक होती. जिममध्ये आवर्तनांना ‘रेप्स’ म्हणतात आणि या शिल्लकीला ‘आरआयआर’, म्हणजे राखून ठेवलेले रेप्स. सूर्यनमस्कारांमुळे आवर्तन हा शब्द मराठीत सगळ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून पुढे तोच वापरला आहे.

शिल्लक शून्यावर येण्यालाच जिमच्या भाषेत ‘फेल्युअर’ म्हणतात. हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. स्नायूत जळजळ सुरू झाली, धाप लागली किंवा सेट नकोसा झाला, तरी फेल्युअर आले असे म्हटले जाते. हिशेबासाठी अर्थ एकच धरावा लागतो. पूर्ण जोर लावूनही, पद्धत न मोडता वजन वरपर्यंत जात नाही, तेव्हा फेल्युअर. पाठ वाकवून, कंबर बेंचवरून उचलून किंवा अर्ध्यातूनच वजन परत नेऊन काढलेली आवर्तने यात धरायची नाहीत. ती धरली, तर आजच्या दोन शिल्लकीचा आणि पुढच्या आठवड्यातल्या दोन शिल्लकीचा अर्थच वेगवेगळा होतो.

ही मोजणी एका जुन्या कल्पनेतून आली. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रम किती जाणवतात हे आकड्यात सांगण्यासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली होती. धावणे किंवा सायकल चालवणे अशा सलग श्रमांना ती चपखल बसते. वजन उचलणाऱ्याला मात्र ‘श्रम किती जाणवले’ या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड जाते, कारण पाच आवर्तनांचा जड सेट आणि वीस आवर्तनांचा हलका सेट दोन्ही थकवतात, पण वेगळ्या तऱ्हेने. अमेरिकी पॉवरलिफ्टर माइक टुशरर यांनी दहापर्यंतच्या मोजपट्टीला शिल्लक आवर्तनांचा आधार देऊन ती पॉवरलिफ्टिंगमध्ये रुजवली. मायकेल झोर्डोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये स्क्वॉट करणाऱ्यांवर तिची चाचणी घेऊन ती शास्त्रीय नियतकालिकात मांडली. दहा म्हणजे शिल्लक शून्य, नऊ म्हणजे एक, आठ म्हणजे दोन. प्रश्न ‘किती थकलात?’ असा न राहता ‘आणखी किती जमले असते?’ असा झाला, आणि त्याचे उत्तर तपासून पाहता येऊ लागले.

शेवटच्या आवर्तनापर्यंत न जाता आधीच थांबायचे कशासाठी, याचे उत्तर स्नायूंच्या कामाच्या क्रमात आहे. स्नायूतील तंतू गटागटाने काम करतात आणि एकेका गटाला एकेक चेतापेशी हुकूम देते. आधी लहान, सहज न थकणारे गट कामाला लागतात. जोर वाढवावा लागला किंवा पहिले गट थकू लागले, की मोठे आणि ताकदवान गट जोडले जातात. मध्यम वजनाच्या सेटमध्ये शेवटच्या काही आवर्तनांपर्यंत बहुतेक सगळे गट कामाला लागलेले असतात. म्हणजे स्नायूला वाढीचा निरोप देणारे काम फेल्युअरच्या आधीच चालू झालेले असते. त्यानंतरच्या अगदी शेवटच्या एकदोन आवर्तनांनी या निरोपात थोडीच भर पडते, पण थकवा झपाट्याने वाढतो, आणि तो पुढच्या सेटमध्ये, कधी पुढच्या दिवशीही, वसूल होतो.

स्पेनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हे चांगले दिसले. दोन गटांनी आठ आठवडे स्क्वॉट केले. एका गटाने उचलण्याचा वेग २० टक्क्यांनी घटताच सेट थांबवला आणि दुसऱ्याने ४० टक्क्यांनी घटेपर्यंत चालू ठेवला, म्हणजे दुसरा गट फेल्युअरच्या बराच जवळ गेला. ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली, तीही पहिल्या गटाने खूपच कमी आवर्तने करून. उडीची उंची लवकर थांबणाऱ्यांची अधिक सुधारली. स्नायूंचा आकार मात्र जास्त रेटणाऱ्यांचा अधिक वाढला. ऑस्ट्रेलियातील मार्टिन रेफालो आणि सहकाऱ्यांनी पुढे नेमका दुसरा प्रश्न घेतला: जवळ जाणे पुरेसे आहे, की शून्यच गाठायला हवे? सराव असलेल्या लोकांनी एका पायाने प्रत्येक सेट फेल्युअरपर्यंत नेला आणि दुसऱ्या पायाने एक ते दोन शिल्लक ठेवून थांबवला. आठ आठवड्यांनंतर मांडीच्या स्नायूंची वाढ दोन्ही पायांत जवळपास सारखीच होती. या दोन्हींवरून व्यवहाराचा निष्कर्ष असा निघतो, की ताकदीसाठी बऱ्यापैकी शिल्लक ठेवली तरी चालते, आणि आकार वाढवायचा असेल तर फेल्युअरच्या जवळ जावे लागते, पण ते गाठलेच पाहिजे असे नाही.

आता सगळा प्रश्न ‘जवळ’ कसे ओळखायचे याचा. यातली सर्वांत भरवशाची खूण म्हणजे वजन वर नेण्याचा वेग. बेंच प्रेसचे उदाहरण घेऊ. पहिली पाचसहा आवर्तने एकसारखी जातात: रॉड छातीला लागतो आणि एकाच झोकात वर येतो. मग एक आवर्तन असे येते, की जोर तेवढाच लावलेला असतो पण रॉड अर्ध्या वाटेवर जरासा रेंगाळतो. बघणाऱ्यालाही ते दिसते. साधारणपणे या पहिल्या स्पष्ट रेंगाळण्याच्या वेळी दोन ते तीन आवर्तने शिल्लक असतात. पुढच्या आवर्तनात हा रेंगाळ लांबतो, रॉड एका बाजूला झुकू पाहतो आणि कोपरे बाहेर पसरू लागतात. तेव्हा शिल्लक एकाच्या आसपास असते. वजन मध्यावर जवळजवळ थांबून, सरकत सरकत वर गेले, तर ते शेवटचे आवर्तन होते असे धरावे. या खुणा माणसामाणसांत आणि व्यायामागणिक थोड्या बदलतात, म्हणून त्या स्वतःच्या शरीरावर एकदा पडताळून घ्याव्या लागतात. वेगाची खूण खरी ठरावी, तर प्रत्येक आवर्तन पहिल्यापासूनच जोरात वर न्यायला हवे. मुद्दाम संथ उचलणाऱ्याचा वेग कधी थकव्याने घटला हे कळणारच नाही.

जळजळ ही मात्र फसवी खूण आहे. लेग एक्स्टेंशनच्या मशिनवर वीस आवर्तनांचा सेट केला, तर बाराव्यालाच मांड्या पेटतात आणि मन ‘आता दोनच’ म्हणते, पण प्रत्यक्षात सहासात निघतात. उलट तीन आवर्तनांच्या जड डेडलिफ्टमध्ये जळजळ होतच नाही आणि पुढचे आवर्तन अचानक जमिनीवरून सुटत नाही. धापेचेही तसेच. स्क्वॉटच्या लांब सेटमध्ये पायांच्या आधी दम संपतो. म्हणून अंदाज मनाच्या तक्रारीवरून न बांधता वजनाच्या हालचालीवरून बांधावा.

हा अंदाज किती चुकतो याचाही अभ्यास झाला आहे, आणि चूक बहुधा एकाच दिशेला होते: माणूस स्वतःची शिल्लक खऱ्यापेक्षा कमी समजतो. सरासरीने ही चूक सुमारे एका आवर्तनाची भरते, पण एकेका व्यक्तीची चूक याहून बरीच मोठी असू शकते. फेल्युअर जितके जवळ तितका अंदाज नेमका येतो. ‘एक उरले’ हे सांगणे सोपे, ‘पाच उरले’ हे सांगणे अवघड. सेट जितका लांब तितकी चूक मोठी. त्यामुळे ही पद्धत पाच ते बारा आवर्तनांच्या सेटमध्ये सर्वांत चांगली चालते, आणि पाचपेक्षा जास्त शिल्लक मोजण्यात अर्थ उरत नाही.

म्हणूनच पहिले काम म्हणजे स्वतःचा अंदाज तपासणे. त्यासाठी सुरक्षित व्यायाम आणि त्या दिवसाचा शेवटचा सेट निवडतात. मशिनवर हे एकट्याने करता येते. बेंच प्रेस असेल तर मागे सपोर्ट देणारा जोडीदार हवाच किंवा रॅकच्या सुरक्षा दांड्या योग्य उंचीवर लावलेल्या हव्यात. सेट चालू असताना, दोन शिल्लक आहेत असे वाटले की ‘दोन’ असे मोठ्याने म्हणायचे आणि न थांबता फेल्युअरपर्यंत जायचे. म्हटल्यानंतर प्रत्यक्षात किती निघाली ते वहीत लिहायचे. जोडीदाराने रॉडला हात लावला, की ते आवर्तन मोजायचे नाही. ‘उचल, अजून एक!’ म्हणत दोन बोटांनी दिलेला आधारही बराच भार घेतो, आणि त्या आधारावर काढलेल्या तीन आवर्तनांतून स्वतःच्या शिल्लकीबद्दल काहीच कळत नाही.

पूर्ण हिशेब एका उदाहरणातून पाहू. समजा, सहा महिने नियमित व्यायाम करणारा एक तरुण बेंच प्रेस करतो आहे. तीन सेट, प्रत्येकात आठ ते दहा आवर्तने, दोन शिल्लक आणि सेटमध्ये तीन मिनिटांची विश्रांती, असे त्याने ठरवले आहे. वजन रॉडसह ४० किलो. पहिल्या आठवड्यात पहिले दोन सेट त्याने आठाठवर थांबवले, कारण ‘दोनच उरली’ असे वाटले. तिसऱ्या सेटला जोडीदार मागे उभा राहिला. आठव्या आवर्तनानंतर त्याने ‘दोन’ म्हटले आणि पुढे चालू ठेवले. नववे आणि दहावे आधीसारखेच गेले. अकरावे पहिल्यांदा मध्यावर रेंगाळले. बारावे कसेबसे वर गेले आणि तेरावे छातीपासून चार बोटांवर अडकले. ‘दोन’ म्हटल्यानंतर चार निघाली होती, तीही तिसऱ्या, थकलेल्या सेटमध्ये. पहिल्या सेटमध्ये तर त्याहून जास्त शिल्लक असणार.

या एका चाचणीतून दोन गोष्टी हाती आल्या. एक, त्याला दोन वाटतात तेव्हा खरी शिल्लक चारच्या घरात असते. दोन, त्याच्या बाबतीत रेंगाळणाऱ्या पहिल्या आवर्तनानंतर साधारण एकच आवर्तन उरते. म्हणून आता त्याचा थांबा मनातल्या आकड्यावर न ठरता रॉडवर ठरला: वेग जरासा उतरलेला दिसला, पण अजून स्पष्ट रेंगाळ आला नाही, तिथे सेट संपवायचा. ४० किलो मात्र त्याला हलके होते, कारण खरी दोन शिल्लक ठेवूनही त्याची दहाच्या वर आवर्तने निघाली असती. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट लावून दुसऱ्या आठवड्यात त्याने ४२.५ किलो घेतले. या वेळी दोन शिल्लक ठेवून ९, ८ आणि ८ आवर्तने निघाली. तिसऱ्या आठवड्यात १०, ९ आणि ८.

चौथ्या आठवड्यात रात्रपाळीमुळे झोप झालेली नव्हती. तेच ४२.५ किलो सातव्या आवर्तनालाच संथ झाले. केवळ ठरलेल्या आकड्यामागे धावणारा इथे दात-ओठ खात दहा पुरी करतो, म्हणजे नेहमीचे काम त्या दिवशी फेल्युअरपर्यंत नेतो. शिल्लक पाहणारा सातवर थांबतो आणि पुढचे दोन सेट ४० किलोवर घेतो. श्रमाची पातळी तीच राहते, फक्त त्या दिवशी ती कमी वजनावर गाठली जाते. या पद्धतीचा खरा उपयोग अशा दिवशी दिसतो, कारण ताकद रोज सारखी नसते आणि कागदावर छापलेल्या तक्त्याला ते कळत नाही. पाचव्या आठवड्यात झोप नीट झाली आणि तिन्ही सेटमध्ये दहा आवर्तने दोन शिल्लक ठेवून पूर्ण झाली. ठरलेल्या मर्यादेचे वरचे टोक तिन्ही सेटमध्ये गाठले गेले, म्हणून सहाव्या आठवड्यात वजन ४५ किलो झाले आणि आवर्तने पुन्हा आठपासून सुरू झाली.

वहीत दर सेटमागे तीन आकडे पुरतात: वजन, आवर्तने, शिल्लक. ‘४२.५ किलो, ९, २’ अशी नोंद. नुसते ‘४२.५ किलो, ९’ लिहिले तर प्रगती लपून राहते. मागच्या महिन्यात नऊ आवर्तनांनंतर एक शिल्लक होते आणि आज नऊनंतर तीन आहेत, तर वजन व आवर्तने तीच असूनही ताकद वाढली आहे. उलट वजन वाढत चालले आणि शिल्लक दोनवरून शून्यावर आली, तर ती वाढ ताकदीची नसून फक्त जास्त रेटण्याची असू शकते.

किती शिल्लक ठेवायची हे व्यायामावर आणि हेतूवर ठरते. स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि बेंच प्रेस यांत मोठे वजन अंगावर असते, अनेक स्नायू एकत्र काम करतात आणि थकल्यावर पद्धत मोडली तर भार कंबरेवर किंवा खांद्यावर जातो. तिथे दोन ते तीन शिल्लक ठेवणे शहाणपणाचे. डंबेलने बायसेप्स कर्ल, खांद्याचे लॅटरल रेज, लेग एक्स्टेंशन, केबल पुशडाउन अशा एकेका सांध्याच्या व्यायामांत चुकीची किंमत कमी असते आणि थकवाही लवकर ओसरतो. तिथे एक शिल्लक, शेवटच्या सेटला शून्यही चालते. केवळ ताकद वाढवायची असेल आणि तीन ते पाच आवर्तनांचे जड सेट असतील, तर दोनतीन शिल्लक ठेवून प्रत्येक आवर्तन वेगाने काढणे जास्त उपयोगाचे. एकाच दिवशी त्याच स्नायूचे बरेच सेट करायचे असतील तर सुरुवातीच्या सेटमध्ये शिल्लक थोडी जास्त ठेवून शेवटच्या सेटमध्ये ती कमी केली जाते, म्हणजे पहिल्याच सेटच्या थकव्याने पुढचे सेट बुडत नाहीत.

अगदी नवख्या माणसाला मात्र हा आकडा विचारून फारसा उपयोग नसतो. त्याने खरे फेल्युअर कधी पाहिलेलेच नसते, शिवाय पद्धतही पक्की झालेली नसते. पहिले काही आठवडे त्याने ठरलेली आवर्तने आरामात, पद्धत सांभाळून करावीत. मग मशिनवर अधूनमधून एखादा तपासणीचा सेट घ्यावा, आणि अंदाज व प्रत्यक्ष यांत एकाचाच फरक पडू लागला की वजन ठरवण्यासाठी शिल्लकीवर विसंबावे. तपासणी अधूनमधून पुन्हा करावी लागते आणि ती दर व्यायामाची वेगळी असते. बेंच प्रेसमध्ये अचूक अंदाज बांधणारा स्क्वॉटमध्ये तीनने चुकू शकतो.

पद्धत बिघडते ती दोन बाजूंनी. पहिली बाजू नेहमी लवकर थांबण्याची. आठवड्यामागून आठवडे वहीत ‘दोन’ लिहिलेले असते, पण वजन आणि आवर्तने जागची हलत नाहीत, शेवटचे आवर्तन पहिल्याइतकेच झटपट जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या सेटमध्ये एकही आवर्तन कमी होत नाही. इतक्या खुणा एकत्र दिसल्या तर खरी शिल्लक पाचसहा आहे. दुसरी बाजू उलटी. पहिल्या सेटला दहा, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार अशी घसरगुंडी होत असेल आणि विश्रांती पुरेशी असेल, तर वहीत ‘दोन’ लिहिलेले असले तरी पहिला सेट शून्यावरच गेलेला असतो.

दुखण्याचा या हिशेबाशी संबंध नाही. सांध्यात टोचणारी, चिरकणारी किंवा अचानक उठलेली वेदना झाली, तर शिल्लक कितीही असो, सेट तिथेच थांबतो. फेल्युअरच्या जवळ जाताना श्वास रोखला जातो आणि रक्तदाब काही क्षण खूप वर जातो. म्हणून उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी फेल्युअरच्या किती जवळ जायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

एवढे सगळे बाजूला ठेवून रोजच्या वापराचा नियम दोन ओळींत मावतो. प्रत्येक आवर्तन जोराने वर न्यावे, पहिल्या स्पष्ट रेंगाळण्याच्या आसपास आपली किती आवर्तने उरतात हे तपासून ठेवावे आणि ठरलेली शिल्लक आली की रॉड स्टँडवर ठेवावा. त्या क्षणी आणखी एक सहज निघाले असते असे वाटणे ही चूक नाही. सेट बरोबर जागी थांबल्याची ती खूण आहे.